शिळी चपाती चालेल, सकाळी कापलेलं कलिंगड नको

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.)

आजचा भाग स्वयंपाकघरातला आहे. मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे ‘हा काय आता रेसिपी सांगणार का’ असं वाटलं असेल तर तसं नाही. उन्हाळ्यात, फ्रिजच्या बाहेर, ओट्यावर राहिलेलं अन्न किती वेळ खाण्यासारखं असतं, एवढंच आज बोलायचंय. आणि त्यातही तीनच गोष्टी: उरलेली चपाती, कापलेलं फळ आणि कोशिंबीर. तुमच्याकडे पोळी म्हणत असतील, आमच्याकडे चपाती म्हणतात. भांडण नको.

हा विषय का, तर गेल्या मे महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो.

माझी आज्जी सोलापूरहून पुण्याला आली होती, डोळे तपासायला. वय अठ्ठ्याहत्तर. आमचा फ्लॅट पश्चिमेकडे तोंड असलेला, स्वयंपाकघर एवढंसं, खिडकी एक. शुक्रवारी रात्री नऊला केलेल्या चार चपात्या उरल्या होत्या. शनिवारी सकाळी सातला आज्जी म्हणाली, “लेकरा, त्या चपात्या दे, चहाबरोबर खाते.” मी म्हटलं, “आज्जी, शिळं नको खाऊस, बाधेल तुला,” आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. तिचा चेहरा पडला, पण मला वाटलं मी फार शहाणपणा केला.

मग दहा वाजता मी तिच्यासाठी कलिंगड कापलं. ताजं, लालभडक. फोडी केल्या, वर जाळी झाकली आणि ओट्यावर ठेवून दिल्या. फ्रिज गच्च भरलेला होता. तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला, काहीतरी बंद पडलं होतं, आणि मी तीन वाजेपर्यंत लॅपटॉपसमोरून उठलोच नाही. तीन वाजता आज्जीला वाटीभर फोडी दिल्या. मीही दोन खाल्ल्या. चव मस्त होती, वासही काही नाही.

रविवारी सकाळी आठला आज्जीला जुलाब सुरू झाले, ताप आला. दुपारपर्यंत ओआरएस पाजलं, पण संध्याकाळी उठताना तिला भोवळ आली. मग हॉस्पिटल. दोन दिवस सलाईन. मला काहीच झालं नव्हतं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, काय काय खाल्लं? मी आधी हेच सांगितलं, की शिळ्या चपात्या मी टाकून दिल्या होत्या हो. त्या म्हणाल्या, “चपातीचं राहू द्या. कलिंगड कधी कापलं होतं?” दहाला. “आणि खाल्लं?” तीनला. “कुठे ठेवलं होतं?” ओट्यावर. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त लिहून घेतलं.

आता कलिंगडामुळेच झालं हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. तपासायला त्यातलं काही उरलंच नव्हतं. पण आज्जी बरी होऊन सोलापूरला गेल्यावर मी बसून वाचायला लागलो, आणि लक्षात आलं की मी बरोब्बर उलटं केलं होतं. ज्याची भीती कमी ते फेकलं, आणि ज्याची जास्त ते ताजं म्हणून खायला दिलं.

आपण ‘शिळं’ हा शब्द घड्याळावर ठरवतो. कालचं ते शिळं, आजचं ते ताजं. जंतू मात्र तारीख बघत नाहीत. ते बघतात ओलावा किती, आंबटपणा किती आणि ऊब किती. हे तीन प्रश्न विचारले की चपाती, फळ आणि कोशिंबीर यांची उत्तरं वेगवेगळी येतात.

आधी ऊब. साधारण पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वाढतात. फ्रिज त्याच्या खाली ठेवतो, गरम आमटी त्याच्या वर असते. पोटाला त्रास देणाऱ्या बऱ्याच जंतूंना सगळ्यात आवडतं ते आपल्या अंगाइतकं तापमान, म्हणजे पस्तीस-सदतीस. मी एक साधा डिजिटल थर्मामीटर आणून ओट्यावर ठेवला. मे महिन्यात दुपारी दोनला ३६, रात्री दहाला गॅस बंद करून तासभर झाल्यावरही ३३. म्हणजे आपला ओटा उन्हाळ्यात जंतूंसाठी एसी हॉटेल आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक नियम आहे: लवकर खराब होणारं अन्न बाहेर जास्तीत जास्त दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. दोन तासांचा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. एक तासाचा भाग मात्र कुणी सांगत नाही, आणि मे महिन्यात आपल्याला लागू होतो तो हाच.

आता हा नियम कलिंगडाला लावून बघू. कलिंगडाच्या आत, साल शाबूत असताना, काही भीती नसते. अख्खं कलिंगड कोपऱ्यात आठवडाभर पडलं तरी चालतं. पण ते शेतात मातीवर वाढलेलं असतं, टेम्पोतून आलेलं असतं, हातगाडीवर दहा जणांनी टिचक्या मारून बघितलेलं असतं. सालीवर जे काही असेल ते सुरी आत घेऊन जाते. मी साल धुतलीच नव्हती. ‘साल कुठे खायचीय’ असं वाटलं. सुरी मात्र सालीतूनच गेली होती.

आत गेल्यावर जंतूंना काय मिळतं? भरपूर पाणी, साखर, आणि आंबटपणा जवळजवळ नाहीच. आंबटपणा मोजायचं माप म्हणजे पीएच. आकडा जितका कमी तितकं आंबट. संत्रं, मोसंबी, अननस तीन-चारच्या आसपास असतात. ४.६ च्या वर गेलं की बरेच जंतू आरामात वाढतात. कलिंगड पाचच्या वर आहे. खरबूज आणि पिकलेली पपईसुद्धा. म्हणून फळांमध्ये या तिघांना मी आता दुधासारखं वागवतो. दूध आपण मे महिन्यात ओट्यावर पाच तास ठेवू का? नाही ना. मग कलिंगड का ठेवतो?

थोडा हिशोब करू. समजा सुरीने आत गेलेले जंतू फक्त शंभर आहेत, आणि अशा उकाड्यात ते दर अर्ध्या तासाने दुप्पट होतात. एका तासात चारशे. दोन तासांत सोळाशे. इथपर्यंत काही वाटत नाही. पण पाच तास म्हणजे दहा वेळा दुप्पट. दोनचा दहावा घात १०२४. शंभराचे एक लाखाच्या वर झाले. हा ढोबळ हिशोब आहे. सुरुवातीला जंतू रुळायला थोडा वेळ घेतात, प्रत्येक जातीचा वेग वेगळा असतो. पण मुद्दा कळला असेल: शेवटचा एक तास पहिल्या चार तासांपेक्षा जास्त भर घालतो. ‘अजून तासभर राहिलं तर काय होतंय’ हे वाक्य म्हणूनच खोटं आहे.

आणि त्या एक लाखाला वास येत नाही. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. अन्न आंबवणारे, बुळबुळीत करणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे बऱ्याचदा वेगळे. पहिले ओरडून सांगतात, दुसरे गप्प बसतात. त्यामुळे कापलेल्या फळाच्या बाबतीत वास घेऊन ठरवू नका, घड्याळ बघून ठरवा.

‘पण तू पण खाल्लंस, तुला काही झालं नाही’ असं माझ्या मित्राने विचारलं. मी दोन फोडी खाल्ल्या, आज्जीने वाटीभर. माझं वय अठ्ठावीस. जंतू किती पोटात गेले आणि पोट कुणाचं, यावर सगळं अवलंबून असतं. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई, यांच्यासाठी ‘मला पचतं’ हा पुरावा होत नाही.

आता चपातीकडे येऊ. मी टाकलेल्या त्या चार चपात्या.

चपाती तव्यावर टम्म फुगते तेव्हा आत वाफ असते, म्हणजे शंभर अंशांच्या जवळपास. तव्यावरून उतरताना तिच्यात जिवंत जंतू फारसे उरतच नाहीत. काही चिवट जातींचे बीजाणू तेवढे टिकतात. बीजाणू म्हणजे जंतूंची झोपलेली, कवच घातलेली अवस्था. आणि चपाती कोरडी असते. ओलावा असतो, पण जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणी भात किंवा कलिंगडापेक्षा खूप कमी. म्हणून पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे रात्रीच्या चपातीचा सकाळी कुस्करा होतो, फोडणीची चपाती होते, आणि लोक धडधाकट असतात.

तिचे शत्रू दोन. पहिला शत्रू म्हणजे आपणच तिला परत दिलेलं पाणी. गरम चपात्या एकावर एक रचून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या की वाफ झाकणाला लागते, थेंब होतात आणि ते खाली पडतात. तळाची चपाती ओली होते. मी हे करून बघितलं. रात्री नऊला दोन चपात्या गरम असतानाच डब्यात बंद केल्या. दुसऱ्या दोन जाळीवर पंधरा मिनिटं गार केल्या, मग सुक्या सुती फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवल्या. सकाळी सातला डब्यातली तळची चपाती चिकट आणि ओलसर, फडक्यातल्या दोन्ही कोरड्या, जराशा कडक. तशाच ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे छत्तीस तासांनी, डब्यातली चपाती फाडली तर मधे बारीक चिकट तार आली आणि अतिपिकलेल्या फळासारखा गोडसर वास आला. हे त्याच जागे झालेल्या बीजाणूंचं काम, बेकरीवाल्यांना पावात हा त्रास माहीत असतो. फडक्यातल्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या, तार नव्हती, वास नव्हता. तरी मी त्या खाल्ल्या नाहीत, तेवढा धीर नाही.

म्हणजे चपाती बिघडली तर बहुतेक वेळा सांगते: तार, चिकटपणा, वास, नाहीतर हिरवा-काळा ठिपका. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा काढून बाकीची खाऊ नका. चपाती मऊ असते, बुरशीचे धागे ठिपक्याच्या पुढे आत गेलेले असतात, ते दिसत नाहीत. सगळी टाका, आणि तिला चिकटलेली शेजारचीसुद्धा.

दुसरा शत्रू म्हणजे आपले हात. चपाती भाजून झाल्यावर आपण तिला तूप लावतो, घडी घालतो, मोजतो. आपल्या त्वचेवर, नाकात स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू बऱ्याच निरोगी लोकांच्या असतो. बोटाला जखम किंवा फोड असेल तर जास्तच. हा जंतू बाकीच्यांपेक्षा कमी ओलाव्यात वाढू शकतो आणि वाढताना विष तयार करतो. ते विष पुन्हा गरम केल्यावरही जात नाही. जंतू मरतो, विष राहतं. म्हणून ‘तव्यावर परत भाजली की झालं’ हे अर्धंच खरं आहे. बोट कापलं असेल तर भाजलेल्या चपातीला चिमट्याने हात लावा, किंवा दुसऱ्याला लावू द्या.

मग चपातीचा माझा नियम काय? साधी, नीट भाजलेली, गार करून फडक्यात ठेवलेली चपाती: रात्रीची सकाळच्या नाश्त्याला, सकाळची रात्रीच्या जेवणाला. साधारण दहा-बारा तास. त्यापुढे ठेवायची असेल तर गार झाल्या झाल्या फ्रिजमध्ये. तुम्ही मुंबईत, कोकणात, गोव्यात असाल, हवा दमट असेल, तर हा वेळ अजून कमी धरा. आणि हे फक्त साध्या चपातीचं. आलू पराठा, पुरणपोळी यांच्या आत ओलं सारण आहे, त्यांना एक-दोन तासांचाच नियम. गंमत बघा, गुळाची पोळी फ्रिजशिवाय दिवसच्या दिवस टिकते, आणि पुरणपोळी उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते. दोन्ही गोडच. फरक पाण्याचा. गूळपोळीत तीळ-गूळ आहे, मोकळं पाणी जवळजवळ नाही. पुरण शिजवलेल्या डाळीचं, ओलं.

आता राहिली कोशिंबीर. ही खरं तर कलिंगडाचीच बहीण आहे. काकडी आंबट नसते, कांदा नसतो, आणि टोमॅटो आपल्याला वाटतो तेवढा आंबट नसतो, तो अगदी ४.६ च्या काठावर बसतो. अख्खी काकडी बाहेर चालते, चिरली की घड्याळ सुरू. त्यात आपण मीठ घालतो. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं, दहा मिनिटांत वाटीच्या तळाशी रस जमतो. तो रस म्हणजे जंतूंसाठी तयार सूप. ‘मीठ आहे म्हणजे टिकेल’ हे लोणच्याला लागू, कोशिंबिरीला नाही. लोणच्यात मीठ खूप जास्त असतं.

‘लिंबू पिळलं तर?’ लिंबाने थोडी मदत होते, पण दोन-चार थेंबांनी वाटीभर काकडी आंबट होत नाही. घड्याळ थोडं हळू चालतं, थांबत नाही. आणि मोड आलेले मूग घातले असतील तर जास्त सांभाळा. मोड यायलाच ओल आणि ऊब लागते, म्हणजे जंतूंनाही एक-दोन दिवसांची मुभा मिळालेली असते. घरात आजारी किंवा वयस्कर कुणी असेल तर मूग वाफवूनच घालायचे.

तर ३२ अंशांच्या वर कोशिंबीर आणि कापलेलं कलिंगड, पपई, खरबूज: एक तास. हवा गार असेल तर दोन.

इथे एक बारीक गोष्ट. ते घड्याळ रिसेट होत नाही. सकाळी अर्धा तास बाहेर, मग फ्रिज, मग दुपारी अर्धा तास बाहेर: झाला एक तास. फ्रिज म्हणजे ‘पॉज’चं बटण आहे, आणि तेही हळूहळू दाबलं जाणारं. मोठ्या पातेल्यातलं फळ थंड व्हायलाच वेळ लागतो, म्हणून पसरट डब्यात ठेवा. पूर्ण पातेलं टेबलावर आणण्यापेक्षा वाटीत तेवढं काढा आणि बाकीचं लगेच आत.

मग डबा नेणाऱ्यांनी काय करायचं? आठला निघालात, एकला जेवलात, पाच तास गेले. चपाती-भाजीतली साधी चपाती ठीक आहे, डबा भरायच्या आधी गार करा. फळ अख्खं न्या: केळं, संत्रं, पेरू, द्राक्षं. आपल्या सालीतलं फळ म्हणजे सीलबंद पाकीट. काकडी, गाजर धुऊन पुसून अख्खं न्या, ऑफिसच्या पँट्रीत कापा, मीठ वेगळ्या पुडीत. कोशिंबीरच हवी असेल तर पोचल्या पोचल्या ऑफिसच्या फ्रिजमध्ये. आणि रस्त्यावर चिरून ठेवलेली पपई-कलिंगडाची प्लेट घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: कधी कापलीय? समोर कापून देत असेल तर घ्या.

कलिंगड कापायची माझी पद्धत आता अशी आहे. आधी हात धुवायचे. मग अख्खं कलिंगड नळाखाली धरून हाताने चोळून धुवायचं आणि पुसायचं. पाट आणि सुरी धुतलेली, चिकन-अंड्याला लागलेली नको. फ्रिजमध्ये जागा आधी करायची, कापायचं नंतर. हा क्रम मी त्या दिवशी चुकलो होतो. आणि फोनवर एक तासाचा टायमर. टायमर वाजला आणि फोडी अजून ओट्यावर असतील तर चव न बघता टाकायच्या.

कधी चूक झालीच तर हेही लक्षात ठेवा. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत जोरदार उलट्या सुरू झाल्या तर बहुधा ते स्टॅफिलोकोकसचं विष. सहा तासांनंतर किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आणि जुलाब आले तर वेगळे जंतू. दोन्हीत ओआरएस लगेच सुरू करा. लघवी कमी झाली, तोंड कोरडं पडलं, उठताना भोवळ आली, शौचात रक्त दिसलं तर वाट बघू नका. वयस्कर माणसाच्या बाबतीत तर मुळीच नाही. मी आज्जीच्या भोवळीपर्यंत थांबलो होतो. दुपारीच न्यायला हवं होतं.

आज्जी यंदा परत आली होती. सकाळी सातला तिने विचारलं, “रात्रीच्या चपात्या हायत का, का टाकल्यास?” दुरडीतून, फडक्यातून काढून दिल्या, कोरड्या होत्या. तिने चहात बुडवून दोन खाल्ल्या. दुपारी कलिंगड तिच्यासमोर कापलं. तिने टायमरकडे बघितलं आणि म्हणाली, “हे काय, फळाला पण परीक्षा लावलीस का?” म्हटलं, हो. तासाभराची.

एवढंच. तुमच्या स्वयंपाकघरात दुपारी दोनला किती अंश असतात ते मोजून मला पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटू, काळजी घ्या.